झटकेरावांचे नवे बूट

झटकेराव हे त्यांचं खरं नाव नव्हे. तार जिवंत आहे की मेलेली, हे ते बोटाची मागची बाजू हलकेच टेकवून पाहत. त्यात इतके झटके खाल्ले होते की गिऱ्हाइकांनीच नाव पाडलं आणि ते त्यांनी पदवीसारखं मिरवलं. बायकोला मात्र त्या नावाचा राग होता. नवरा कामावर गेला की तिचं अर्धं लक्ष दाराकडे असे. शेवटी तीच दुकानात गेली आणि इलेक्ट्रिशियन लोकांसाठी मिळतात ते, करंट अडवणाऱ्या सोलचे बूट घेऊन आली.

खोक्यात एक कागद होता. तो तिने मोठ्याने वाचला. "ऐका. करंट हातातून शिरून पायावाटे जमिनीत जायला निघाला, तर सोल त्याला अडवतो. पण एका हातातून शिरून दुसऱ्या हाताने बाहेर पडला, तर बूट काही करू शकत नाहीत. ओले झाले, झिजले, सोलमध्ये खिळा घुसला, तरी भरवसा नाही. आणि मेन बंद करून काम करायचं ते करायचंच, असंही लिहिलंय."

"कंपन्या घाबरून लिहितात तसं," झटकेराव नाड्या बांधत म्हणाले. "करंटला जमिनीत जायचं असतं. आता माझा जमिनीशी संबंधच तुटला."

ते अगदी खरं होतं. बूट पायात आल्यापासून झटकेराव जमिनीवर नव्हतेच. रबरी हातमोजे पिशवीच्या तळाशी गेले, करंट तपासायचा मीटर घरच्या खुंटीला लटकला.

अशात बेकरीवाल्याचा निरोप आला. त्याचं कणीक मळायचं यंत्र थोडं चालून तापलं की मुख्य बोर्डावरचा ब्रेकर पडे आणि सगळी बेकरी ठप्प होई. हा ब्रेकर करंटची गळती झाली की आपोआप वीज तोडणारा होता.

"मला यंत्राचं काही नको," बेकरीवाला म्हणाला. "ते भित्रं खोकं तेवढं काढून टाका. तारा सरळ जोडून द्या. पाव अर्धे कच्चे राहतात हो माझे."

कुणी जाणत्याने तिथेच कान उपटले असते. झटकेरावांनी मान डोलावली. "काढू की. आधी मोटर बघतो, जाताना ते काढतो."

त्यांनी यंत्राचं बटण बंद केलं, मोटरची पेटी उघडली, तिच्या तारा सोडवल्या आणि आत येणाऱ्या तारेला टेस्टर लावला. दिवा लागलेला दिसला नाही. खिडकीतून ऊन थेट अंगावर येत होतं. शिवाय टेस्टरचा तो इवलासा दिवा माणसाच्या अंगातून जमिनीकडे जाणाऱ्या किंचित करंटवर पेटतो, आणि जमिनीकडची वाट तर नव्या बुटांनी अडवली होती. दिवा मिणमिणत असेलही, पण उन्हात तो दिसणार कसा?

सवयीने त्यांनी बोट टेकवलं. काहीच जाणवलं नाही. बूट आपलं काम चोख करत होते.

"मेलेली आहे," झटकेरावांनी जाहीर केलं आणि उघडी तार चिमटीत धरली.

बटण बसवणाऱ्याने चूक केली होती. बटणाने भलतीच तार तुटत होती, करंट आणणारी जिवंतच होती. ती उजव्या हातात धरून झटकेराव नीट बघायला वाकले आणि डावं कोपर यंत्राच्या पोलादी अंगाला टेकलं. त्या अंगाला अर्थिंग होतं, म्हणजे ते तारेने जमिनीशी जोडलेलं होतं. करंटला पायांची गरजच उरली नाही. तो एका हातातून शिरला, छातीतून गेला आणि कोपरातून बाहेर पडला.

पुढच्याच क्षणी बोर्डावर खट्ट झालं आणि बेकरीतलं सगळं बंद पडलं. झटकेराव पिठाच्या पोत्यांवर फेकले गेले होते. उजव्या हाताची बोटं भाजली होती. ते भयंकर घाबरले होते.

बेकरीवाला आतून कपाळाला हात लावून आला. "बघितलंत? परत पडलं. म्हणून तर मघापासून सांगतोय, आधी ते काढा."

झटकेरावांनी बोर्डाकडे बोट दाखवलं. "त्याला हात लावायचा नाही," ते कसेबसे म्हणाले. "मोटर बदला. नाहीतर दुसरा माणूस बघा, आणि त्यालाही ते काढू देऊ नका."

बेकरीवाल्याने दुसराच माणूस बघायचं ठरवलं. झटकेरावांना इस्पितळात जाऊन छाती तपासून घ्यावी लागली. डॉक्टरांनी हृदय ठीक असल्याचं सांगितलं, तेव्हा कुठे ते घरी आले.

बायकोने दारातच हाताची पट्टी पाहिली आणि तिचा चेहरा उतरला. "बूट होते ना पायात?"

"होते की."

"मग?"

झटकेराव पायरीवर बसले. पट्टीच्या हाताने नाडी सुटेना, म्हणून तीच खाली वाकली.

"पायांना," ते म्हणाले, "काहीसुद्धा झालं नाही."