गुणी बाळ

आरोग्यताईंचं भाषण सुरू झालं की बचत गटातल्या बायकांना हमखास जांभया येत. ताईंना ते ठाऊक होतं. म्हणून त्या आवाज चढवत, आणि मग जांभयाही मोठ्या होत.

त्या दुपारी शिवणवर्गाच्या खोलीत विषय होता लहान मुलांची सर्दी. यंत्रं भिंतीला सारून बायका सतरंजीवर बसल्या होत्या. मांडीवरची पोरं एका सुरात रडत होती. फक्त गटाच्या अध्यक्षबाईंचा आठ महिन्यांचा नातू दुपट्यात गुंडाळलेला, आजीच्या मांडीवर शांत पडून होता. सून शेजारीच होती.

"साध्या सर्दीला औषधाची घाई नको," ताई सांगत होत्या. "अंगावर पाजत राहा, ऊब द्या, नाक मोकळं ठेवा. मागचं उरलेलं औषध मनानं पाजू नका. पण पोर पिईना, सुस्त पडलं, श्वास जोरात चालला किंवा श्वास घेताना बरगड्यांखाली छाती आत ओढली गेली, तर थांबायचं नाही. लगेच दवाखाना!"

रडारडीत त्यांचंच बोलणं त्यांना ऐकू येईना. त्या वैतागल्या. "जरा अध्यक्षबाईंच्या नातवाकडे बघा! कसं गुणी बाळ आहे."

अध्यक्षबाई फुलल्या. "सकाळपासून असाच आहे. दूधसुद्धा मागितलं नाही."

पहिल्या रांगेत, त्यांच्या दुसऱ्या बाजूला शिंपीणबाई बसल्या होत्या. सगळं गाव त्यांना रेडिओ म्हणे, कारण त्या फक्त बोलत, ऐकत कधीच नसत. आताही त्यांचा डोळा दुपट्याच्या शिवणीवर होता. कडा बघायला त्यांनी ते उचललं, अंगडं वर सरकलं, आणि त्यांची बडबड थांबली.

"ताई, तुम्ही आत्ता म्हणालात ते... छाती आत जाते, ते असं का?"

ताई धावल्या. प्रत्येक श्वासाला छातीचा खालचा भाग आत खेचला जात होता. त्यांनी घड्याळ लावून पूर्ण मिनिट श्वास मोजले. फार जलद होते. हाक मारली तरी बाळ डोळे धड उघडेना. सुनेनं जवळ घेतलं, पण त्यानं तोंड लावलं नाही.

"अहो, पण तुम्हीच तर गुणी म्हणालात!" अध्यक्षबाई म्हणाल्या.

"चुकले मी. उठा आता!"

दूधवाल्याच्या टेम्पोतून आई, आजी आणि ताई आरोग्य केंद्रात पोचल्या. न्यूमोनिया होता. डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं, प्राणवायू लावला. वाटभर ताईंची नजर बाळाच्या छातीवरच होती. सांगायचं ते तोंडपाठ होतं, आणि बघायचं तेवढं राहून गेलं होतं.

तिसऱ्या दिवशी बाळानं दूध ओढलं आणि लगेच असा गळा काढला, की शेजारच्या खाटेवरच्या बाईनं कानावर हात ठेवले. अध्यक्षबाई हसत रडत होत्या.

गावात मात्र बातमी पसरली ती अशी, की शिंपीणबाईंच्या हाताला गुण आहे. तेव्हापासून त्यांच्या दारात नाकं गळणाऱ्या पोरांची रांग लागली. त्या हैराण झाल्या आणि ताईंना गाठून म्हणाल्या, "ते भाषण पुन्हा एकदा करा बाई. सगळं नव्हतं ऐकलं मी."

ताईंनी ते शिलाईयंत्राशेजारी बसून, हळू आवाजात केलं. आधी मात्र रांगेतल्या प्रत्येक पोराचं अंगडं वर करून छाती बघितली.