चार गाड्यांचं पान

आलापल्लीकडच्या एका गावात झेरॉक्सचं दुकान सांभाळणारी करिष्मा वेबसाइट बनवायला शिकली होती. दोन वर्षं ती साऱ्या जंगलाची माहिती देणारं अ‍ॅप मनातच रचत बसली. सागाच्या पानांवरून ऊन सरकायचं, अ‍ॅप अर्धंच राहायचं, आणि नोकरीच्या अर्जात दाखवायला काही नसायचं.

शेवटी स्वतःवरच चिडून तिनं दोन रविवारांत एकच पान पुरं केलं: गावात येणाऱ्या एसटीच्या वेळा.

आई म्हणाली, "नुसत्या वेळा कोणाले समजतात? शाळेची गाडी, मुक्कामी गाडी, असं लिही."

तिनं तसं लिहिलं आणि लिंक अर्जाला जोडली.

मुलाखतीत साहेबांनी पान उघडलं. "चारच गाड्या? बाकीचं कधी पूर्ण करणार?"

"पूर्णच आहे, सर. आमच्या गावाले चारच येतात."