मजा नाई येऊन राह्यली

खाणीतून रिटायर झालेले ते गृहस्थ बल्लारपुरातल्या माझ्या घरबांधणीच्या ऑफिसात शिरले, की माझं डोकं आधीच दुखायला लागायचं. त्यांना जुनं घर पाडून नवं बांधायचं होतं. पहिल्या दिवशी दोन्ही मुलं सोबत आली होती आणि काय हवं ते त्यांनीच सांगितलं होतं. खाली थोरला, वर धाकटा, दोघांची स्वयंपाकघरं वेगळी, जिना बाहेरून. वडील नुसती मान हलवत होते. नंतर नकाशे पाहायला मात्र ते एकटेच यायचे.

कागद उलटसुलट करायचे, चष्मा पुसायचे आणि म्हणायचे, "बाई, मजा नाई येऊन राह्यली."

"कशात? हॉल लहान वाटतो? जिना तिकडे नको?"

"तसं नाई. पण जमून नाई राह्यलं."

मी हॉल वाढवला, जिना फिरवला, संडास मागे नेला. शेवटी पेन्सिल हातात देऊन म्हटलं, नको ते खोडा. त्यांनी पेन्सिल कानामागे लावली, नकाशाची घडी केली आणि गेले. तेव्हा माझ्या मनात पाल चुकचुकली. माझे नकाशे दुसऱ्या कुणाला दाखवून फुकटात काम उरकायचा बेत असणार. ऑफिस नवं, त्यात बाईमाणूस, म्हणजे गुंडाळायला सोपी. त्यांच्या वस्तीतलं हे माझं पहिलंच काम होतं. ते फसलं असतं तर तिकडून दुसरं कुणी माझ्याकडे फिरकलं नसतं.

मग एकदा थोरला मुलगा बाजारात भेटला. "मॅडम, काऊन एवढा टाइम लावून राह्यल्या? बाबा म्हणते, तुमच्याच्यानं नकाशाच होऊन नाई राह्यला."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. सगळे नकाशे काखेत मारले आणि तशीच त्यांच्या घरी धडकले.

जेवणं चालली होती. मुलं, सुना, नातवंडं सगळी एकाच पंगतीत, म्हातारे मधोमध. मला पाहताच ते हातातला घास ताटात ठेवून उठले आणि मला अंगणात घेऊन गेले.

"पयलाच नकाशा चांगला होता, बाई," ते हळूच म्हणाले. "पण घर झालं का चुली दोन होतीन. पोरायले नाई म्हणाची माही हिंमत नाई. नकाशा होत नाई तवरक तरी..."

त्यांनी आतल्या पंगतीकडे पाहिलं. मला रागही आवरत नव्हता आणि त्यांची कीवही येत होती.

थोरला दारात आला. "झाला का नकाशा?"

म्हातारे माझ्या तोंडाकडे पाहू लागले.

"अजून नाही," मी म्हटलं. "जिन्याचं थोडं काम राहिलंय."

"तुमच्याच्यानं होत नसन तर सांगा. आमी दुसरा इंजिनीअर पाहतो."

म्हाताऱ्यांनी माझी नजर चुकवली.

"पाहा बाप्पा दुसरा," ते मुलाला म्हणाले. "त्याले सगळं पयल्यापासून सांगा लागन."