विकलेलं पेन्शन

त्या महिन्यात बँकेत माझं पेन्शन कमी जमा झालं होतं. भाईंदरच्या शाळेतून मी निवृत्त होऊन वर्षही झालं नव्हतं. काही चूक झाली असेल असं वाटून एसटीने ठाण्याला ट्रेझरीत गेले.

तिथल्या कारकुनाने माझे कागद काढून पाहिले.

"बाई, पेन्शनचा काही भाग तुम्ही विकला होता. त्याची एकरकमी रक्कम गेल्या महिन्याअखेरीस तुम्हाला मिळाली. तेव्हापासून तेवढा भाग कमी झाला."

मला आठवलं. यजमानांचं ऑपरेशन ठरलं तेव्हा घाईघाईत मी तो अर्ज केला होता. पैसे आले आणि ऑपरेशनही झालं, पण पुढचा विचार मनात आलाच नव्हता.

"किती महिने कापणार?" मी विचारलं.

"महिने नाही, बाई. पंधरा वर्षं," तो हळू आवाजात म्हणाला.

घरी यजमान अंथरुणावर वाट पाहत होते. मिठागरांवर उन्हातान्हात राबलेला माणूस, आता कूस बदलायलाही माझा हात लागत होता.

"काय म्हणाले?"

लपवावं असं क्षणभर वाटलं, पण सगळं सांगून टाकलं. त्यांनी मान माझ्याकडे वळवली.

"माझ्यासाठी तू पंधरा वर्षांचं विकलंस?"

"विकलं. आणि पुन्हा वेळ आली तर पुन्हा विकेन."

संध्याकाळी, ऑपरेशननंतर पहिल्यांदाच, त्यांनी भिंतीला धरून उभं राहायचा प्रयत्न केला.