बकुळाबाईंचे एक पाऊल

शामरावांची व माझी ओळख परळच्या एका सिनेमा कंपनीच्या संकलन-खोलीत झाली. संयुक्त महाराष्ट्राची चळवळ तेव्हा भरात होती. यजमानांची गिरणी बंद पडल्यामुळे मी तेथे फिल्म जोडण्याच्या कामाला लागले. फिल्मची कड खरवडायची, फिल्म चिकटवायचे सिमेंट लावायचे आणि दोन तुकडे दाबून धरायचे, हे माझे काम. मला अक्षरओळख नव्हती, म्हणून मी चित्र पाहूनच तुकडा ओळखत असे. कुठे कापायचे हे शामराव ठरवीत. ते मितभाषी होते व मला कधीही नुसते 'सुंदरा' म्हणाले नाहीत.

त्या चित्रपटात त्यांच्या पत्नी बकुळाबाई यांनी एक लहान काम केले होते. ठरलेली नटी आली नाही, म्हणून दिग्दर्शक अप्पांनी डबा घेऊन आलेल्या बकुळाबाईंनाच उभे केले. नायिका मुलांना घरी ठेवून गिरणीत कामाला निघते, तेव्हा शेजारीण तिला म्हणते, "जा तू. घराकडे मी बघते." एवढेच त्यांचे बोलणे होते.

जमिनीवर खडूची खूण होती. तेथे थांबायचे, असे त्यांना सांगितले होते. परंतु "जा तू" म्हणताच नायिकेच्या डोळ्यांत पाणी पाहून बकुळाबाई खूण ओलांडून एक पाऊल पुढे गेल्या, उरलेले बोलल्या आणि हसल्या. कॅमेऱ्याची नजर खुणेवर बांधलेली होती, त्यामुळे त्यांचा चेहरा धूसर झाला. पुन्हा घ्यायचे ठरले, तोच रस्त्यावरून मोर्चा आला. "मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे!" त्या घोषणांत आवाज घेता येईना. अप्पा म्हणाले, "राहू दे, पुढच्या आठवड्यात घेऊ." त्या आठवड्यात बकुळाबाईंना विषमज्वर झाला. त्यातून त्या उठल्या नाहीत.

महिन्याभराने शामराव कामावर आले, तेव्हा तो तुकडा त्यांच्या पुढ्यात आला. त्यांच्याकडे बकुळाबाईंचा लग्नातला एक फोटो होता. चालणाऱ्या, बोलणाऱ्या बकुळाबाई मात्र एवढ्याच होत्या.

अप्पा खुर्ची ओढून बसले. "शामराव, काढूनच टाका तो. तुम्हाला किती त्रास!"

"माझं राहू द्या. चित्रातली बाई मुलं कोणावर टाकून गेली, ते सांगा."

"लोक समजून घेतील."

"काय समजतील? मांजर सांभाळतंय?"

अप्पा हसले आणि लगेच ओशाळले. "मग सगळाच ठेवा. बकुळावहिनींची आठवण राहील."

"आणि थेटरात पिटातून ओरडतील, 'ए ऑपरेटर, झोपलास का रे?' तिच्या तोंडावर ओरडतील, अप्पा."

"लॅबवाले काही करतील?"

"उजेड कमी-जास्त करतील. धूसर चेहरा काही स्वच्छ होत नाही."

अप्पा निघून गेले. शामरावांनी तो तुकडा यंत्रावर लावला. बकुळाबाई आल्या, "जा तू" म्हणाल्या, पाऊल टाकून उरलेले बोलल्या आणि हसल्या. शामरावांनी तो मागे घेतला व पुन्हा लावला. असे किती वेळा केले, ते मी मोजले नाही. मग त्यांनी विचारले, "सुंदराबाई, तुम्ही कुठे बघता?"

मी म्हटले, "पाऊल पडेस्तोवर त्यांच्याकडे. मग मी डोळे चोळते."

ते म्हणाले, "हं."

नायिका ऐकते आहे, पदर सावरते आहे, असा एक स्वच्छ शॉट त्याच दिवशी घेतलेला होता. शामरावांनी बकुळाबाई पाऊल उचलतात तेथे मेणाच्या पेन्सिलीने रेघ मारली व कापले. तेथून पुढे जेवढी फिल्म निघाली, तेवढीच नायिकेची मोजून मला जोडावयास दिली. आवाजाची फिल्म वेगळी असते, तिला त्यांनी हात लावला नाही. त्यामुळे "जा तू" म्हणताना बकुळाबाई दिसत होत्या आणि "घराकडे मी बघते" हे ऐकू येताना नायिकेचे डोळे भरलेले दिसत होते. प्रसंग उभा राहिला. अप्पांनी येऊन शामरावांची पाठ थोपटली.

बकुळाबाई हसतात तो तुकडा मात्र बाहेर राहिला. कापलेले तुकडे आम्ही खिळ्यांना टांगीत असू आणि चित्र पुरे झाले, की ते भायखळ्याच्या भंगारवाल्याला देत असू. तो ते धुऊन त्यांतली चांदी काढी. शामराव तो तुकडा घरी नेऊ शकले असते, अप्पा नाही म्हणाले नसते. पण घरी यंत्र नव्हते. ती पट्टी घरी नुसती चित्रांची पट्टी झाली असती. बकुळाबाई चालत, त्या फक्त याच खोलीत.

चित्र पुरे झाले. भंगारवाला पोते घेऊन दारात उभा राहिला व मी खिळे मोकळे करू लागले. शामराव यंत्राशी पाठमोरे बसले होते. मागे न वळता ते म्हणाले,

"सुंदराबाई, तेवढा एक तुकडा खिळ्यावरच राहू द्या."