वंदनाताईंच्या सॅकमधलं ओझं

चंदीगडच्या सेक्टर तीसमधल्या प्रयोगशाळेच्या कॉलनीत वंदनाताई आमच्या शेजारी राहायच्या. साताऱ्याच्या होत्या. शाळेत गणित शिकवायच्या आणि दिवसातला बराच वेळ डोंगरात असायच्या, म्हणजे मनाने. कुकरच्या शिट्ट्या मोजायचं सोडून खिडकीतून कसौलीकडच्या डोंगरांच्या निळ्या रेघेकडे बघत उभ्या राहायच्या. त्यांच्याकडची डाळ मी कायम जरा जास्त शिजलेलीच खाल्ली.

त्यांना चंद्रताल बघायचा होता. स्पितीच्या वाटेवर, चौदा हजार फुटांवर, दिवसभर रंग बदलत राहणारं तळं. आदल्या वर्षी त्या अर्ध्या वाटेवरून परतल्या होत्या. ओढ्यांत बूट भिजले, रात्रीच्या थंडीत वाळले नाहीत आणि सकाळी पायांना फोड. आता वामनराव, म्हणजे त्यांचे यजमान, डिसेंबरात निवृत्त होऊन साताऱ्याला जाणार होते. तेव्हा २००१ चा ऑगस्ट हीच काय ती शेवटची संधी.

ताईंनी सेक्टर बावीसच्या बाजारातून ट्रेकिंगच्या सॅंडल्स आणल्या. जाड रबरी तळवा, खोल नक्षी, घोट्यामागे पट्टा. रोज संध्याकाळी त्या घालून बादलीत पाय बुडवायच्या आणि ओल्या फरशीवर चालून बघायच्या.

"चपला घालून हिमालयात?" वामनराव म्हणाले. ते प्रयोगशाळेत उपकरणं बनवायचे, त्यामुळे त्यांचा प्रत्येक वस्तूवर विश्वास आणि माणसांवर जरा कमी. "माझे बूट बघ. पाणी शिरणारच नाही."

"घोट्याखालून शिरणार नाही. गुडघाभर पाण्यात वरून येईल, आणि मग तुमचे बूट त्याला बाहेरही सोडायचे नाहीत."

"हां, सगळं तुलाच कळतं!"

"बूट मीही नेतेय. घसरणाऱ्या दगडांवर आणि बर्फावर बूटच हवेत. पाण्यात मात्र सॅंडल."

निघताना ताईंची सॅक उचलून वामनराव पुटपुटले, "दगड भरलेत की काय?" ताई गालात हसल्या. मी त्यांच्याबरोबर होते, कारण ताईंनी आम्हा दोघांना विचारलं होतं; माझ्या डॉक्टर नवऱ्याला सुट्टी नव्हती आणि मला मात्र कधीच नाही म्हणता येत नाही.

तळ्याच्या अलीकडे, बातलच्या ढाब्यावर राजमाचावल खात बसलो आणि उशीर झाला. ऊन चढलं की वरचं बर्फ वितळतं, हे ठाऊक असूनही राजमा जिंकला. तळ्याच्या वाटेवरचा पहिला नाला सकाळी घोटाभर असतो. आम्ही पोचलो तेव्हा तो गुडघ्यापर्यंत होता, दुधाळ आणि गार.

ताईंनी बूट-मोजे काढून पिशवीत बांधले, सॅंडलचे पट्टे आवळले, सॅकचा कमरेचा पट्टा मोकळा सोडला. प्रवाहाकडे तोंड करून, काठी टेकत, आडव्या पावलांनी त्या निघाल्या. पाऊल टेकल्याशिवाय दुसरं उचलायचं नाही. पलीकडे गेल्यावर पाणी सॅंडलमधून आपसूक निथळून गेलं. ताईंनी मलाही घ्यायला लावलेल्या सॅंडल्स घालून मीही तशीच गेले.

वामनराव बूट घालूनच उतरले. पलीकडे येईपर्यंत प्रत्येक पावलाला पचक-पचक असा आवाज यायला लागला होता. त्यांनी मोजे पिळले, पुन्हा तेच ओले बूट चढवले आणि म्हणाले, "चालतील."

चालले नाहीत. तिसऱ्या नाल्यानंतर ते दगडावर बसले. करंगळ्यांवर आणि बोटांवर मोठे फोड आले होते. समोर सपाट धुळीची वाट होती. तिच्या टोकाला कुठेतरी ते तळं होतं, आणि दोन वर्षांत दुसऱ्यांदा पाय दगा देत होते, फक्त माणूस बदलला होता.

"तू जा, वंदना," ते म्हणाले. "मी वाटेत भेटेल त्या खेचरवाल्याबरोबर परत फिरतो. तुझं बघून होऊ दे."

ताईंनी सॅक उघडली, तळातून कापडात गुंडाळलेला जोड काढला आणि त्यांच्यासमोर ठेवला. सॅंडल्स होत्या, नव्या कोऱ्या. वामनरावांच्याच मापाच्या.

फोडांवर पट्टी बांधून ताईंनी बोटांपाशी पट्टे सैल केले.

"अगं, ह्या किती दिवस बाळगतेयस?"

"चंदीगडपासून."

"आधी का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर घातल्या असत्या का तुम्ही?"

"आणि लागल्याच नसत्या तर?"

"तर गुपचूप परत नेल्या असत्या," ताई म्हणाल्या. "तुम्हाला कळलंही नसतं."

वामनराव हळूहळू चालू लागले, बोटं मोकळी, ओले बूट सॅकला लटकवलेले. मी मागे राहिले. माझे डोळे भरून आले होते, आणि ते मला कुणाला दाखवायचं नव्हतं.

उन्हं उतरताना तळं दिसलं. आधी हिरवं, मग निळं, मग नुसता उजेड. ताई काठावर उभ्या राहिल्या, इतकी वर्षं खिडकीत उभ्या राहायच्या तशाच. वामनराव त्यांच्या शेजारी जाऊन उभे राहिले, पण पाण्याकडे त्यांनी फारसं पाहिलंच नाही. थोड्या वेळाने त्यांनी ताईंच्या खांद्यावरची सॅक काढली आणि आपल्या पाठीवर घेतली.

"किती हलकी झाली," ते म्हणाले.