बारा ऑगस्टचा निरोप

नेल्बाच्या सलूनमधल्या बायका एकमेकींना सांगायच्या की नेल्बाची स्मरणशक्ती म्हणजे देवाची देणगी. कुणाच्या नातवाला दात आले, कुणाच्या नवऱ्याचं पित्ताशय काढलं, कुणाला अमोनियाच्या वासाने मळमळतं, तिला सगळं ठाऊक. नदीकाठच्या साल्तो शहरात, होड्यांच्या धक्क्यापासून तीन गल्ल्या आत, दोन खुर्च्यांचं ते दुकान एकतीस वर्षं चाललं ते थोडं कात्रीवर आणि बरंचसं या आठवणीवर.

खरं तर नेल्बाच्या लक्षात फारसं काही राहत नसे. बिस्किटांच्या एका पत्र्याच्या डब्यात ती कार्डं ठेवायची, प्रत्येक गिऱ्हाइकाचं एक. वर केसांच्या रंगाचे नंबर, रंगात मिसळायचं डेव्हलपर किती, किती मिनिटं. खाली वाढदिवस, लग्नाची तारीख आणि आणखी दोन-चार ओळी, अशा अक्षरात की तिचं तिलाच लागावं. दुकान बंद करताना ती दुसऱ्या दिवशीची कार्डं काढून वाचायची आणि डबा टॉवेलांच्या कपाटात मागे सारायची. यात तिला खोटेपणा कधी वाटला नाही. मास्तर धडा वाचून वर्गावर जातो, तसंच हे. पण कुणाला सांगितलंही नाही. माहीत होतं ते फक्त मिर्नाला, दुसऱ्या खुर्चीवर अकरा वर्षं काम करणाऱ्या तिच्या जोडीदारणीला.

कार्डं फोनमध्ये भरायची कल्पना मिर्नाचीच. चौकाजवळ नवं सलून निघालं होतं. ते बायकांना वाढदिवसाला फुलांच्या चित्रासकट निरोप पाठवत आणि बायका तो कौतुकाने इथे येऊन दाखवत.

"आपल्याकडे तर सगळ्यांच्या तारखा आहेत," मिर्ना म्हणाली. "डब्यात कुजतायत. सलूनवाल्यांसाठी एक प्रोग्रॅम मिळतो. एकदा भरलं की सकाळी नऊला निरोप आपोआप जातो. तुला काही करायला नको."

"मी करतेच काय? समोर आल्यावर बोलते."

"आणि ज्या समोर येत नाहीत त्या?"

त्या वर्षी समोर न येणाऱ्या बऱ्याच झाल्या होत्या.

दुकान सोमवारी बंद असे. सात सोमवार मिर्ना डबा पुढ्यात घेऊन बसली. नाव, नंबर, वाढदिवस, ॲनिव्हर्सरी असे रकाने होते. मजकूर एकदाच लिहायचा, नावाच्या जागा मोकळ्या सोडायच्या. शेवटी "या आठवड्यात ब्लो-ड्रायवर वीस टक्के सूट" हेही जोडलं. अक्षर लागेना तिथे मिर्ना विचारायची, पण लागलं असं वाटलं की विचारायची नाही.

सुरुवात झकास झाली. बायका उलट बदामाची चित्रं पाठवू लागल्या, सहा महिने न फिरकलेल्या दोघी परत आल्या. मिर्नाने हौसेने निरोपात वयही घातलं होतं. त्यावर औषधाच्या दुकानातली ग्लॅडिस तणतणत आली. "चोपन्न? अगं मुली, आमच्या गल्लीत मी अठ्ठेचाळीसची आहे! फोन टेबलावर होता, नवऱ्याच्या बहिणीने वाचला!" सगळ्या हसल्या, ग्लॅडिसही हसली. मिर्नाने त्याच दिवशी जन्माची सालं काढून टाकली आणि प्रकरण मिटलं. नेल्बाला तेव्हा वाटून गेलं की बाकीचंही एकदा नजरेखालून घालावं. पण रांगेत दोघी बसल्या होत्या आणि ते राहून गेलं.

बारा ऑगस्टला, तिकडच्या ऐन हिवाळ्यात, नदीवरून बोचरं वारं येत होतं. दहा वाजले असतील. देल्मिरा आत आली. सव्वीस वर्षं येणारं गिऱ्हाईक, शिवणकाम करून एकटी राहणारी सहासष्ट वर्षांची बाई. तिची वेळ गुरुवारी असायची आणि आज बुधवार होता. अंगावर घरातलाच कोट होता. तिने नेल्बाच्या हातात फोन दिला.

"वाच. मोठ्याने."

नेल्बाने चष्मा लावला. "प्रिय देल्मिरा आणि विल्मार, ॲनिव्हर्सरीच्या मनापासून शुभेच्छा! तुमची साथ अशीच वर्षानुवर्षं..." पुढे तिच्याने वाचवेना. खाली सूट होती. तिच्याखाली केकचं चित्र.

विल्मार देल्मिराचा मुलगा. चौदा वर्षांपूर्वी याच तारखेला मासे पकडायला नदीत गेला, होडी उलटली, तिसऱ्या दिवशी सापडला. एकोणीस वर्षांचा होता.

"मला वाटलं, नवरा..." मिर्ना पुटपुटली. तिच्या हातातला ब्रश तसाच राहिला होता. "कार्डावर 'विल्मार, ॲनिव्हर्सरी, बारा ऑगस्ट' एवढंच पाहिलं मी. खालच्या ओळींना रकानाच नव्हता." त्यांच्या भाषेत लग्नाच्या वाढदिवसाला आणि मेलेल्या माणसाच्या वर्षदिनाला एकच शब्द आहे. अकरा वर्षांत देल्मिराच्या केसांना मिर्नाने एकदाही हात लावला नव्हता. ती नेल्बाचं गिऱ्हाईक.

"कार्ड? कसलं कार्ड?" देल्मिराने विचारलं.

खोटं बोलायची ती वेळ होती आणि नेल्बाला ते सुचलंही. पण देल्मिरा उभीच राहिली, तेव्हा तिने टॉवेल बाजूला करून डबा काढला. कार्ड दिलं.

देल्मिराने फोन लांब धरून वाचावा तसं कार्ड लांब धरून वाचलं. ओळीवर बोट ठेवत, एकेक अक्षर लावत. रंगाचे नंबर. विल्मारची तारीख. त्याखाली: "त्या आठवड्यात नदीचा विषय नको. बेसिनवर रडते. पाणी चालू ठेवायचं."

मिर्नाच्या खुर्चीतल्या बाईने मासिक वर धरलं.

"पाणी," देल्मिरा म्हणाली. "दर वर्षी माझे केस धुऊन झाले तरी तू नळ बंद करायची नाहीस. मला कळायचं. मी म्हणायचे, बघ, ही न बोलता..." तिचा आवाज कोरडा होता. "ते इथे लिहिलं होतंस?"

"मी मनापासूनच करत होते गं. विसरू नये म्हणून लिहिलं."

"असलंही लिहून ठेवावं लागतं?"

"देल्मिरा, बस जरा. पाणी देते."

"नको. तुझ्याकडचं पाणी नको मला."

कार्ड तिने आरशाखालच्या फळीवर ठेवलं आणि ती गेली. मिर्ना रडायला लागली. नेल्बाने तिच्या हातातून ब्रश घेतला आणि मासिकवाल्या बाईच्या मुळांचा रंग पुरा केला, कारण वेळ भरत आली होती आणि रंग थांबत नाही.

दुपारी तिने मिर्नाला सगळे निरोप बंद करायला लावले. मग दोघी कार्डं घेऊन बसल्या. मिर्ना म्हणाली, "मी विचारायला हवं होतं." नेल्बा म्हणाली, "आणि मी तसं लिहायला नको होतं. तुला डबा देताना एकेक कार्ड बघायला हवं होतं."

पुढचे दहा दिवस नेल्बाने एकेका गिऱ्हाइकाला स्वतः विचारलं. तुझा वाढदिवस आमच्याकडे लिहिलेला आहे. ठेवू? निरोप पाठवलेला चालेल? लग्नाच्या तारखेचं काय? बहुतेक जणी वाढदिवसाला हो म्हणाल्या. लग्नाच्या तारखा निम्म्याहून जास्त काढाव्या लागल्या. दोघींचे नवरे निघून गेले होते, एकीचा घरात असून नसल्यासारखा होता, आणि एक जण म्हणाली, "तारीख माझ्याच लक्षात नाही, तू कशाला ठेवतेस?" एका बाईने मात्र विचारलं, "आणखी काय काय लिहिलंयस माझ्याबद्दल?" नेल्बाने तिच्यापुढे कार्ड ठेवलं. ते वाचून ती गेली आणि पुन्हा आली नाही.

प्रोग्रॅममध्ये राहिलं ते नाव, नंबर, वाढदिवसाचा दिवस आणि महिना, रंगाचे आकडे आणि कशाची ॲलर्जी. निरोप दोन ओळींचा झाला: वाढदिवसाच्या शुभेच्छा, खाली नेल्बा आणि मिर्ना, आणि नको असल्यास "नको" असं लिहा. सूट काढली. कुणाचा नवरा नाही, मुलं नाहीत, वय नाही. रोज सकाळी निरोप जाण्याआधी मिर्ना त्या दिवशी वाढदिवस असलेल्या बाईचं नाव मोठ्याने वाचायची आणि नेल्बा हो म्हणाली तरच सोडायची.

महिन्याअखेरीस नेल्बा देल्मिराच्या घरी गेली. देल्मिराने दार उघडलं, पण दारातच उभी राहिली. आत शिवणयंत्रावर कुणाचा तरी शाळेचा पांढरा डगला होता आणि चुलीवर माते नावाच्या चहाचं पाणी तापत होतं. ते तिने देऊ केलं नाही.

"फोनमधून तुझं काढलंय," नेल्बा म्हणाली. "पण तुझ्यासमोर काढावं म्हणून नंबर ठेवलाय."

"काढ."

नेल्बाने काढला. कोटाच्या खिशातून कार्ड काढून तिला दिलं. देल्मिराने ते दोन तुकडे करून एप्रनच्या खिशात टाकलं.

"माझी सख्खी बहीण ती तारीख विसरते," ती म्हणाली. "दर वर्षी विसरते. मला राग येत नाही. मी म्हणायचे, नेल्बाला आठवतं ना. पुरे."

"मला आठवायचंच."

"आदल्या दिवशी वाचल्यावर."

नेल्बाने मान खाली घातली. पहिल्या दोन वर्षी तिला खरंच आपसूक आठवलं होतं. तिसऱ्या वर्षी विसरली, देल्मिराला विचारून बसली की यंदा नदीला पाणी किती चढलंय, आणि आरशात तिचा चेहरा पाहिला. त्या संध्याकाळी तिने ते लिहून ठेवलं. हे सांगितलं असतं तर कदाचित समजलं असतं, कदाचित आणखी लागलं असतं. तिने सांगितलं नाही.

"माझ्या रंगाचे नंबर काय होते?" देल्मिराने विचारलं. "कार्ड मी फाडलं."

"सात आणि सात-पॉइंट-तीन, अर्धं-अर्धं. वीसचं डेव्हलपर. पस्तीस मिनिटं. लिहून देऊ?"

"नको. राहील लक्षात." आणि दार लागलं.

गुरुवारची दहाची वेळ नेल्बाने काही आठवडे मोकळी ठेवली. मग मिर्नाने न विचारता तिथे एक नवी शिक्षिका बसवली. वसंतात नेल्बा एकदा बेकरीच्या रांगेत उभी असताना पुढच्या बाईचे केस तिला दिसले. रंग सोडून दिलेला, मुळांपासून चार बोटं पांढरे, आणि घरच्याच कात्रीने कापलेले असावेत, डावीकडे आखूड. देल्मिराने मागे वळून पाहिलं.

"घे तू आधी," ती म्हणाली. "मला अजून ठरवायचंय."

नेल्बाने पाव घेतला, आभार मानले आणि बाहेर पडली.